ऑफिसच्या वस्तूंचा घसारा: सीएचा तक्ता सीएकडे राहू द्या, तुमची वही स्थिर हप्त्यानेच ठेवा

मालमत्ता नोंदवहीच्या, म्हणजे फिक्स्ड असेट रजिस्टरच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून पुढे गेलो होतो: "छोट्या ऑफिसने स्वतःच्या हिशेबासाठी स्थिर हप्त्याची पद्धतच वापरावी." बोलायला सोपं आहे, पण त्यामागचं कारण नीट मांडायला हवं. कारण तुमचा सीए बहुतेक वेळा दुसरी पद्धत वापरतो, आणि तोही चुकत नाही. मग दोघंही बरोबर कसे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आयकराचा घसारा हा कर किती भरायचा हे ठरवण्यासाठी असतो. तुमच्या वहीतला घसारा हा तुमच्या ऑफिसचा महिन्याचा खरा खर्च किती, हे कळण्यासाठी असतो. पहिला आकडा घेऊन दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधलं, की तुमचे दर चुकतात. आणि दर चुकले की वर्षभर काम करूनही नवीन कॉम्प्युटर घ्यायला पैसे उरत नाहीत.

एक ऑफिस धरून चालू

समजा कॅनडा कॉर्नरजवळ एका गाळ्यात तुम्ही अकाउंटिंग आणि जीएसटी रिटर्न भरण्याचं ऑफिस सुरू केलंय. तुम्ही आणि एक मुलगी कामाला. नियमित जीएसटी नोंदणी आहे. सगळ्या वस्तू १ एप्रिल २०२५ पासून वापरात आल्या. खालच्या तक्त्यात जीएसटी सोडून किंमत आहे. आयुष्य आणि मोडीची किंमत कशी ठरवली ते पुढे सांगतो.

| वस्तू | किंमत (₹) | मोडीची किंमत (₹) | आयुष्य (वर्षे) | वर्षाचा घसारा (₹) |
|---|---|---|---|---|
| डेस्कटॉप कॉम्प्युटर १ | ४२,००० | २,००० | ४ | १०,००० |
| डेस्कटॉप कॉम्प्युटर २ | ४२,००० | २,००० | ४ | १०,००० |
| लेझर प्रिंटर | २६,००० | २,००० | ५ | ४,८०० |
| एसी, फिटिंगसह | ३८,००० | ३,००० | ७ | ५,००० |
| इन्व्हर्टर | ८,००० | १,००० | ७ | १,००० |
| इन्व्हर्टरची बॅटरी | १४,००० | २,००० | ४ | ३,००० |
| टेबलं आणि कपाट | ४१,००० | १,००० | १० | ४,००० |
| खुर्च्या, ६ नग | १८,००० | ० | ५ | ३,६०० |
| एकूण | २,२९,००० | | | ४१,४०० |

स्थिर हप्त्याचं गणित एवढंच आहे. खरेदी किमतीतून मोडीची किंमत वजा करा आणि उरलेल्या रकमेला आयुष्याच्या वर्षांनी भागा. दरवर्षी तोच आकडा. कॉम्प्युटरचे ४२,००० वजा २,००० म्हणजे ४०,०००, भागिले ४, म्हणजे वर्षाला १०,०००. एक्सेलमध्ये यासाठी तयार सूत्रही आहे:

```
=SLN(42000,2000,4)
```

एकूण ४१,४०० रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला ३,४५०. हा आकडा भाडं, लाईट बिल आणि पगाराच्या रांगेत बसतो. ऑफिसकडे ७० ग्राहक असतील, तर दर ग्राहकामागे महिन्याला साधारण ४९ रुपये नुसत्या वस्तूंच्या झिजेचे. तुम्ही महिन्याला ५०० रुपये घेत असाल, तर त्यातला जवळपास दहावा हिस्सा इथेच गेला. हे माहीत नसलेला माणूस समोरच्या गाळ्यातल्या स्पर्धकाला बघून ४५० करतो आणि आपण आपला प्रिंटरच थोडा थोडा विकतोय हे त्याला कळत नाही.

सीएच्या तक्त्यात हे का दिसत नाही

आयकरात घसारा घटत्या शेषावर काढतात, ज्याला सगळे डब्ल्यूडीव्ही म्हणतात. म्हणजे पहिल्या वर्षी पूर्ण किमतीवर टक्केवारी, दुसऱ्या वर्षी उरलेल्या रकमेवर तीच टक्केवारी, आणि असंच पुढे. कॉम्प्युटरला ४० टक्के, यंत्रं आणि एसीसारख्या वस्तूंना १५ टक्के, फर्निचरला १० टक्के. स्थिर हप्ता निवडायची मोकळीक आयकरात वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना आहे, तुम्हा-आम्हाला नाही. त्यामुळे सीए जे करतो ते कायद्याप्रमाणे बरोबरच असतं.

पण आपल्या ऑफिसला हाच तक्ता लावून बघा. प्रिंटर कॉम्प्युटरच्या गटात धरला, तर पहिल्या वर्षीचा घसारा ५८,९०० येतो. चौथ्या वर्षी, एकही नवीन वस्तू घेतली नाही तर, तो साधारण १९,३०० होतो. ग्राहक तेच ७० धरले तर पहिल्या वर्षी दर ग्राहकामागे ७० रुपये, चौथ्या वर्षी २३ रुपये.

आता सांगा, चौथ्या वर्षी तुमच्या मुलीने तोच कॉम्प्युटर आणि तोच प्रिंटर वापरला ना? तेवढेच तास? मग खर्च एक तृतीयांश कसा झाला? झाला नाही. फक्त आकडा खाली आला. धोका असा, की चौथ्या वर्षी नफा फुगलेला दिसतो, तुम्ही दर कमी करता किंवा घरी जास्त पैसे काढता, आणि नेमके तेव्हाच दोन्ही कॉम्प्युटर बदलायला येतात.

खुर्च्यांचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. ३,००० रुपयांची ऑफिसची फिरती खुर्ची पाच वर्षांत हायड्रॉलिक सोडते, चाकं तुटतात, सीट फाटते. आयकराच्या १० टक्के दराने १८,००० च्या खुर्च्यांचे पाच वर्षांनंतरही १०,६२९ रुपये शिल्लक दिसतात. खुर्च्या भंगारवाल्याकडे गेल्या, पण तक्त्यात निम्म्याहून जास्त किंमत तशीच. आयकर एकेका खुर्चीचा हिशेब ठेवतच नाही. तो संपूर्ण गटाचा, म्हणजे ब्लॉकचा एकच आकडा ठेवतो. करासाठी ते चालतं, पण ऑफिस चालवायला चालत नाही.

दसरा की पाडवा?

आणखी एक गंमत बघा. आयकरात वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता आणि दिवाळी पाडवा २२ ऑक्टोबरला. दसऱ्याला ४२,००० चा कॉम्प्युटर घेऊन त्याच दिवशी सुरू केला, तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. करासाठी पूर्ण १६,८०० रुपये घसारा. तोच कॉम्प्युटर पाडव्याला घेतला तर ८,४००.

वीस दिवसांत कॉम्प्युटरची झीज दुप्पट होत नाही. तुमच्या वहीत, पूर्ण झालेले महिने मोजले तर दोन्ही वेळा ५ महिनेच येतात, म्हणजे ४,१६७ रुपये. कर वाचवायचा म्हणून दसऱ्याला खरेदी करा, जरूर करा. पण वस्तू नुसती घेऊन खोक्यात ठेवू नका. बिलाची तारीख पुरेशी नाही, ती वापरात यायला हवी. म्हणूनच नोंदवहीत खरेदीची तारीख वेगळी आणि वापर सुरू झाल्याची तारीख वेगळी लिहायची.

नोंदवही कशी मांडायची

एक्सेलची एक शीट पुरते. वर `B1` मध्ये आर्थिक वर्षाची शेवटची तारीख लिहा. तिसऱ्या ओळीत रकान्यांची नावं आणि चौथ्या ओळीपासून वस्तू. रकाने असे: `A` तुमचा क्रमांक, `B` वर्णन आणि सिरीयल नंबर, `C` दुकानदार, बिल नंबर आणि बिलाची तारीख, `D` वस्तू कुठे किंवा कोणाकडे आहे, `E` वापर सुरू झाल्याची तारीख, `F` किंमत, `G` मोडीची किंमत, `H` आयुष्य, `I` आजवरचा घसारा, `J` वहीतली शिल्लक किंमत, `K` विकल्याची किंवा टाकल्याची तारीख, `L` मिळालेली रक्कम.

`I4` मध्ये हे सूत्र टाका:

```
=MIN(F4-G4,(F4-G4)/(H4*12)*DATEDIF(E4,$B$1+1,"m"))
```

आणि `J4` मध्ये:

```
=F4-I4
```

पहिलं सूत्र पूर्ण झालेले महिने मोजतं आणि आयुष्य संपल्यावर आपोआप थांबतं. त्यातल्या `MIN` मुळे वस्तूची किंमत मोडीच्या किमतीखाली जात नाही. `#NUM!` दिसलं तर घाबरू नका, वापराची तारीख वर्षअखेरीच्या पुढची पडली आहे एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वर्षी फक्त `B1` मधली तारीख बदलायची. या वर्षाच्या `I` मधून गेल्या वर्षीचा `I` वजा केला, की या वर्षाचा घसारा मिळतो. म्हणून दरवर्षी ३१ मार्चच्या शीटची एक प्रत वेगळी जपून ठेवा.

किमतीच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वस्तू वापरायोग्य होईपर्यंतचा खर्च किमतीत धरायचा. एसीचं फिटिंग, तांब्याचा पाईप, टेम्पोचं भाडं हे सगळं किमतीत. नंतरची सर्व्हिसिंग, गॅस भरणं, टोनर हा त्या त्या वर्षाचा खर्च, तो इथे येत नाही.

जीएसटीचं असं आहे: इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर जीएसटी किमतीत धरायचा नाही. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर क्रेडिट मिळत नाही, म्हणून जीएसटीसह पूर्ण रक्कम धरायची. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही. जीएसटीच्या रकमेवर आयकरात घसारा घेतला, तर त्या रकमेचं क्रेडिट कायद्याने मिळत नाही.

आणि पैसे बँकेतून द्या. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन वस्तू घेतली, तर ती रक्कम आयकर घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. मेन रोडवर रोखीत दोन-चारशे रुपये सूट मिळते म्हणून १८,००० च्या खुर्च्या रोखीत घेतल्या, तर त्या १८,००० वर करात एक रुपयाही घसारा मिळणार नाही.

क्रमांक प्रत्यक्ष वस्तूवर चिकटवा. `OFC-PC-01` असा साधा नंबर पुरतो. ब्रँडेड कॉम्प्युटरचा सिरीयल नंबर पॉवरशेलमध्ये असा मिळतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर इथे बऱ्याचदा `To be filled by O.E.M.` असं काहीतरी येतं. म्हणजे कंपनीने नंबर भरलेलाच नाही. तिथे तुमचं स्टिकर आणि बिलाचा फोटो हीच ओळख.

आयुष्य कुठून आणायचं

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात आयुष्य दिलेलं आहे. डेस्कटॉप आणि लॅपटॉप ३ वर्षे, ऑफिसची उपकरणं ५ वर्षे, फर्निचर १० वर्षे. मोडीची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नाही. वेगळं आयुष्य धरलं तर कारण देऊन हिशेबात तसं जाहीर करावं लागतं.

तुमची एकट्याची मालकी किंवा भागीदारी असेल, तर हे परिशिष्ट तुम्हाला बंधनकारक नाही. ते सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा आणि मग स्वतःला एक प्रश्न विचारा: ही वस्तू *माझ्याकडे* किती वर्षं काम देईल? डेस्कटॉप आठ वर्षंही चालू होतो हो, पण रिटर्नच्या शेवटच्या दिवशी तो अडकायला लागला की तुमच्यासाठी तो संपला. म्हणून मी ४ वर्षं धरली.

इन्व्हर्टर आणि बॅटरी एकाच बिलावर येतात, तरी दोन ओळी केल्या, कारण बॅटरी आधी जाते. एकत्र २२,००० लिहून सात वर्षं लावली, तर चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलताना जुन्या बॅटरीची किंमत वहीत अडकून राहते. शिवाय जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि पैसे वजा करतो, म्हणून तिथे मोडीची किंमत २,००० धरली. खुर्चीला शून्य धरली, कारण भंगारात तिचे हाताला लागावेत एवढेही पैसे येत नाहीत.

आता नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थासाठी म्हणून कोणी जादा प्रिंटर, स्कॅनर घेत असेल, तर त्याने पाच वर्षं लावू नयेत. गर्दी ओसरल्यावर ती वस्तू विकायचा विचार असेल, तर तुमच्यासाठी तिचं आयुष्य दीड-दोन वर्षं, आणि मोडीची किंमत म्हणजे तेव्हा जुन्या मालाला येईल तो भाव. वस्तू तीच, पण वापर वेगळा, म्हणून हप्ता वेगळा.

"दोन-दोन हिशेब कशाला?"

हा आक्षेप मला सीए मित्रांकडूनच ऐकायला मिळतो, आणि तो पोकळ नाही. छोट्या ऑफिसने वहीतही डब्ल्यूडीव्ही ठेवलं, तर रिटर्न भरताना जुळवाजुळव करावी लागत नाही. पण ती जुळवाजुळव किती मोठी आहे ते बघा. समजा घसाऱ्याआधीचा नफा ६,००,००० आहे. तुमच्या वहीत ४१,४०० घसारा वजा होऊन ५,५८,६०० दिसतो. करासाठी सीए त्यात ४१,४०० परत मिळवतो, ५८,९०० वजा करतो, आणि ५,४१,१०० वर कर काढतो. दोन ओळी. त्याच्याकडे गटांचा तक्ता तसाही असतोच. तुम्ही फक्त वर्षातली खरेदी आणि विक्री तारखेसह त्याला द्यायची, जी नोंदवहीतूनच निघते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वस्तू जुनी होते तशी दुरुस्ती वाढते. म्हणून सुरुवातीला जास्त घसारा आणि नंतर कमी, म्हणजे घसारा अधिक दुरुस्ती मिळून खर्च सारखा राहतो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या लेथ मशीनसाठी हा मुद्दा मी मान्य करतो. टेबल, कपाट आणि डेस्कटॉपची दुरुस्ती तेवढी वाढत नाही, त्यामुळे ऑफिससाठी तो लागू पडत नाही.

आणि जिथे झीज वर्षांवर नसून कामावर आहे, तिथे स्थिर हप्ताही फसतो. झेरॉक्स मशीन दिवसाला दोनशे प्रती काढतं की पाच हजार, यावर त्याचं आयुष्य ठरतं. तुमचा धंदाच झेरॉक्सचा असेल, तर प्रतीमागे घसारा काढा. मशीनच्या मीटरवर आकडा असतोच. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या प्रिंटरला मात्र एवढं करायची गरज नाही.

एक मुद्दा अंदाजे उत्पन्नाच्या योजनेतल्या लोकांसाठी, जिला सगळे अजून ४४एडी म्हणतात. तिथे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरायचा असतो आणि घसारा त्यातच आला असं कायदा समजतो. म्हणून बरेच जण म्हणतात, आम्हाला नोंदवही नको. पण करापुरती वस्तूंची शिल्लक किंमत दरवर्षी घसारा घेतल्यासारखी खाली येतच राहते. पुढे योजनेतून बाहेर पडलात तर घसारा त्या उतरलेल्या रकमेवरून सुरू होतो. नोंदवही नसेल तर ती रक्कम कोण काढणार?

वस्तू जाते तेव्हा

नोंदवह्या बिघडतात त्या खरेदीच्या वेळी नाही, वस्तू जाते तेव्हा. जुना कॉम्प्युटर पुतण्याला दिला, खुर्ची भंगारात गेली, प्रिंटर एक्सचेंजमध्ये दिला, आणि ओळ तशीच राहिली. दोन-तीन वर्षांनी वहीत बारा वस्तू आणि ऑफिसात नऊ.

समजा पहिला कॉम्प्युटर १ ऑक्टोबर २०२७ ला १४,००० ला विकला. तोवर ३० महिने झाले, म्हणजे घसारा २५,०००. वहीतली किंमत १७,०००. म्हणून विक्रीत ३,००० तोटा. हा तोटा नफा-तोटा पत्रकात दाखवा आणि ती ओळ 'गेलेल्या वस्तू' नावाच्या दुसऱ्या शीटमध्ये हलवा. ओळ पुसायची नाही. आयकरात मात्र १४,००० नुसते गटातून वजा होतात, हा तोटा वेगळा दिसत नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि क्रेडिट घेतलं असेल, तर विकताना त्यावर जीएसटी भरावा लागतो, तो सीएकडून काढून घ्या.

एका ओळीत अनेक नग असतील तर हिश्शाने काढा. सहा खुर्च्यांपैकी दोन तीन वर्षांनी मोडल्या. तेव्हा सहांची वहीतली किंमत ७,२००, म्हणून दोघींचे २,४०० खर्चात टाका, आणि ओळीत चार नग व १२,००० मूळ किंमत ठेवा. हेच रोखण्यासाठी वर्षातून दोनदा वस्तू प्रत्यक्ष मोजा. एकदा मार्चअखेरीस, आणि एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी तुम्ही तसंही प्रत्येक यंत्र पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल वाहता. हातात यादी घेऊन तेच करा. ज्या ओळीपुढे फूल वाहायला वस्तू सापडली नाही, ती ओळ शोधा.

उलटही होतं. आयुष्य संपलं पण वस्तू मजेत चालू आहे. सूत्र तिथे थांबेल आणि वहीत मोडीची किंमत राहील. ओळ काढू नका, वस्तू आहे तोवर ओळ आहे. पण तीन-चार वस्तूंचं असं झालं, तर तुम्ही आयुष्य कमी धरत आहात. पुढच्या खरेदीला वाढवा. एखादी वस्तू अजून वर्षं काढेल हे आयुष्य संपायच्या आधीच कळलं, तर वहीतली शिल्लक किंमत वजा मोडीची किंमत, ही रक्कम उरलेल्या नव्या वर्षांत वाटा. मागचे आकडे बदलायचे नाहीत.

घसारा म्हणजे साठवलेले पैसे नव्हेत

शेवटचा मुद्दा, कारण इथे बरेच जण गैरसमज करून घेतात. वहीत ४१,४०० घसारा लिहिला म्हणून बँकेत ४१,४०० जमा होत नाहीत. तो फक्त सांगतो, की एवढी रक्कम नफा समजून खर्च करू नका. म्हणून माझा सल्ला असा: महिन्याचे ३,४५० रुपये चालू खात्यातून वेगळ्या आरडीत टाका. दोन कॉम्प्युटरचा त्यातला हिस्सा महिन्याला १,६६७ आहे, चार वर्षांत तो ८०,००० होतो. मोडीचे ४,००० धरून जुन्या भावाचे ८४,००० तयार. भाव वाढला असेल तर वरची रक्कम तुमची, पण कर्ज काढायची वेळ आली तरी ते छोटं असेल.

आणि वहीतली किंमत म्हणजे बाजारभाव नाही, हेही लक्षात असू द्या. भागीदार बाहेर पडताना किंवा विमा काढताना वस्तूची आजची किंमत वेगळी काढावी लागते. नोंदवही तिथे एवढंच सिद्ध करते, की वस्तू होती, कधी घेतली आणि किती रुपयांना. विम्याच्या दाव्यात पहिले हेच तीन प्रश्न येतात.

पुढच्या व्हिडिओत हाच तक्ता टॅलीत कसा बसवायचा ते दाखवतो. तोवर तुमच्या ऑफिसच्या वस्तूंची शीट भरा, महिन्याचा हप्ता काढा, आणि तो तुमच्या ग्राहकांच्या संख्येने भागून बघा. जो आकडा येईल तो तुमच्या आजच्या दरात बसतोय का, ते मला कळवा.